दुकान सोडायच्या आधी वही बघा

बाबा,

ताई आणि मी माल आणायला गेलोय. जागामालक आज आले तर दुकान सोडतो असं त्यांना सांगू नका. आधी गल्ल्याखालची वही बघा.

तुम्ही म्हणता, धंद्यात दम राहिला नाही. ताई म्हणते, दम आहे, आपणच तो खातोय. मला आधी पटलं नव्हतं, पण महिनाभर आम्ही तिच्या पद्धतीने लिहिलं. सकाळची शिल्लक, त्यात रोख विक्री मिळवायची, दिलेले पैसे वजा करायचे आणि दुकान बंद करताना गल्ला मोजून ताळा बघायचा. घरी नेलेलं तेल, साबणसुद्धा खरेदीच्या भावाने घरखर्चात. आई चिडली, "आपल्याच दुकानातलं काय लिहायचं?" ताई म्हणाली, "मग साबणवाला काय आपला मामा आहे, फुकट द्यायला?" आता आईच सगळ्यात नीट लिहिते.

काल बेरीज केली. विकलेल्या मालाची खरेदी, भाडं, वीजबिल सगळं वजा करूनही दुकानात नफा आहे. तो घराने उचललाय. पुढच्या महिन्यापासून घराला ठरलेली रक्कम मिळेल, ती संपली की संपली.

एक राहिलं. दर शनिवारी गल्ला कमी भरतो. ताई तिथे 'ताळा लागत नाही' एवढंच लिहिते, तुम्हाला विचारत नाही. मीही कारण विचारणार नाही. पण आज शनिवार आहे. काही घेतलंत तर रक्कम तेवढी तुमच्या हाताने लिहा.

जागामालकांशी आम्ही आल्यावर तिघं मिळून बोलू.