खात्रीसाठी दाखवलेला प्रश्न

मंगळवार, संध्याकाळ. लातूर

उद्या जीएनएम नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रसूतीचा पेपर. पास झाले तरच नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, नाहीतर आत्ता काम करते त्याच दवाखान्यात बिननोंदणीची रात्रपाळीच.

दुपारी रूममेट शीतल फुटलेला पेपर विकणाऱ्या एजंटाला घेऊन आली. अर्धे पैसे आज, बाकीचे पेपर जुळल्यावर. तोवर ओरिजिनल मार्कशीट त्याच्याकडं. रात्री लॉजवर मोबाईल जमा करून उत्तरं पाठ करायची. मी नको म्हटलं. तरी त्यानं खात्रीसाठी फोनवरचा एक प्रश्न समोर धरला: बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव. वाचला गेला.

"लई शहाणी हायस," शीतल म्हणाली. "सगळ्याच घ्यायल्यात. नापास झालीस की रडू नको."

अतिरक्तस्रावाचं उत्तर मला येतं. परवाच देवणीहून आलेल्या बाळंतिणीचं रक्त थांबेना, तेव्हा गर्भाशय घट्ट होईपर्यंत पोट चोळत राहिले. मग उत्तर माझंच ना? पण घरी आबा अक्षरं शिकवायचे, तेव्हा दादाच्या पाटीत डोकावलं की माझी पाटी पुसायला लावायचे, बरोबर असली तरी.

तो प्रश्न उद्या न येवो. आला तर न लिहिता सोडून देणार, तेवढ्यानं नापास झाले तरी.

शीतल आत्ताच लॉजवर गेली. ती पास होईल. मग एखाद्या रात्री अशीच रक्त जाणारी बाई तिच्या हाती येईल.