चोरटी शेळी

मंगळवार, रात्री

वाफ्यातली मेथी खाल्लेली दिसली अन् मी तडक शेजारच्या सुनीताच्या शेळीचा फोटो स्टेटसला टाकला: ‘चोरटी शेळी, चोरटे मालक.’ मग आई म्हणाली, "अगं, आपल्याच शेळीनं दावं तोडलंय!"

स्टेटस उडवलं. त्यासोबत कोणी कोणी पाहिलं ती यादीही गेली! आता खरं काय ते सांगू कोणाला? अन् सुनीतानं त्याचा स्क्रीनशॉट पाठवलाय.

तिला गुपचूप सॉरी म्हणू? म्हणजे बदनामी चारचौघांत अन् माफी कानात? छे!

कितीदा लिहिलं, खोडलं. शेवटी आमच्याच शेळीचा फोटो टाकला, तुटक्या दाव्यासकट: ‘मेथी हिनं खाल्ली. सुनीताला चोर म्हणाले, चूक माझी.’

सुनीताचं उत्तर आलं: "शेळी तरी भुकेली होती. तुला काय झालतं?"