कमळाआजी, मशीन रुसलं नव्हतं

प्रिय कमळाआजी,

तुमच्या प्रश्नाचं उत्तर काल सापडलं, म्हणून लिहितोय. उशीर झालाय, तेही तुमच्याच बाबतीत दुसऱ्यांदा.

गावी, मुर्ध्याच्या घरी न्हाणीत पडून तुमचा खुबा मोडला होता. आत सळई घालायची, तर ती कुठे जातेय हे एक्स-रेच्या पडद्यावर बघत घालावी लागते. त्यासाठीचं मशीन म्हणजे सी-आर्म. तुमच्या ऑपरेशनच्या सकाळी त्याचा पडदा काळाच राहिला.

पायाला वजन बांधून तुम्ही पडून राहिलात. मी राउंडला आलो की तुमचं सुरू, "डाक्टर, मशीनला झालंय काय?"

"टेक्निकल प्रॉब्लेम आहे, आजी."

"म्हंजे काय?"

काय सांगणार? मलाच कुठे कळलं होतं! तुम्ही तर थेट विचारलंत, "दसऱ्याला पूजा केलती का न्हाय त्याची?"

"केली ना. नारळ मीच फोडला."

"मंग रुसलं कशाला?" आणि हसता हसता तुम्हाला खोकला आला. तो खोकला मी ऐकला होता, आजी.

तुमच्या सूनबाई म्हणाल्या, "दुसऱ्या हॉस्पिटलात नेऊ का?" मी म्हटलं, कशाला, मशीनची केबल बदलायचीय, उद्या नवी येतेय. उद्याचा परवा झाला, परवाचा तेरवा. शेवटी ऑपरेशन झालं, सळई अगदी सरळ बसली. पण पडून पडून छातीत कफ साठला होता, त्याचा न्यूमोनिया झाला आणि तुम्ही गेलात. वेळेत ऑपरेशन झालं असतं तर दुसऱ्या दिवशी तुम्हाला उठवून बसवलं असतं. वाचला असतात का? छातीठोक सांगता येत नाही, पण मला वाटतं, हो.

ती जुनी केबल मी ठेवून घेतली होती. इंजिनियर म्हणाला होता, गंज. बंद, एसी खोलीत गंज येतो कुठून? वर्षभर डोक्यात हाच किडा.

काल खंडेनवमी. सिस्टरनी सगळी यंत्रं पुसली, हार घातले. सी-आर्मला पडद्याच्या ट्रॉलीशी जोडणारी केबल काढलेली होती, तिचा प्लग खाली फरशीवर लोळत होता. मी गेल्या वर्षीच्याच जागी नारळ फोडला आणि पाणी फरशीवरून सरळ प्लगकडे निघालं.

मी तसाच उठलो, कपाटातून जुनी केबल काढली, प्लग उघडला. आतल्या पिना हिरव्या पडलेल्या, त्यांच्यावर तपकिरी चिकट थर. खिळ्याएवढ्या पिना, आजी! आणि त्यांच्यासाठी तुम्ही अडकून पडलात.

रुसलं नव्हतं हो ते. मीच त्याला नारळपाणी पाजलं होतं. मला माफ करा.

आता नारळ गेटबाहेर फुटेल. मशीन बंद पडलं तर पेशंट त्याच दिवशी दुसरीकडे जाईल, 'उद्या' हा शब्द माझ्या तोंडून निघणार नाही. आणि आज संध्याकाळी ती केबल घेऊन मी मुर्ध्याला येतोय. सूनबाईंसमोर प्लग उघडून दाखवीन आणि नारळ कोणी फोडला तेही सांगीन.

तुमचा,
'टेक्निकल प्रॉब्लेम'वाला डाक्टर