मंगळवारच्या नोट्स

सरोजिनी नगर, नवी दिल्ली
८ सप्टेंबर १९९६

ती. वीणाताईस,
सा. न. वि. वि.

ऑफिसात टेबलाटेबलावर कॉम्प्युटर येणार म्हणून मी संध्याकाळचा क्लास लावलाय. एका मशीनवर दोघं बसतात. माझ्या वाट्याला यशोधन नावाचे नागपूरचे गृहस्थ आलेत. नोएडात नोकरी, वय छत्तीस, लग्न झालेलं नाही, आणि माउस पोळपाटावर लाटणं फिरवावं तसा फिरवतात. मंगळवारी आम्ही इतके हसलो की सरांनी दटावलं. गुरुवारी त्यांनी माझ्याकडून त्याच मंगळवारच्या नोट्स नेल्या. क्लास सुटला की माझ्या स्टॉपपर्यंत येतात आणि मग रस्ता ओलांडून नोएडाची बस पकडतात.

ताई, चौतिसाव्या वर्षी मी फायलीत तोंड खुपसून एकटीच हसते. पण हे सगळं अभ्यासापुरतंच असेल तर? विचारलं आणि फजिती झाली, तर सत्तावीस तारखेच्या परीक्षेपर्यंत त्याच मशीनवर शेजारी बसायचंय.

तुझी वेडी,
वल्लरी

पुणे
१४ सप्टेंबर १९९६

चि. वल्लरीस अनेक आशीर्वाद.

मंगळवारी शेजारी बसून हसणाऱ्या माणसाला मंगळवारच्या नोट्स कशाला लागतात? तरी लगेच हुरळून जाऊ नकोस. काही माणसं सगळ्यांशीच गोड असतात. इतरांनाही स्टॉपवर पोचवतात का, अभ्यास सोडून तुझं काही विचारतात का, आणि ते त्यांच्या लक्षात राहतं का, ते बघ. परीक्षा झाली की क्लासशी संबंध नसलेलं छोटंसं आमंत्रण दे, सहज नाही म्हणता येईल असं. नाही म्हणाले आणि दुसरा दिवसही सुचवला नाही, तर पुन्हा विचारू नकोस.

तुझे भावजी म्हणतात, आम्ही पहिल्या भेटीतच दोन बशा पोहे संपवून होकार कळवला होता. तिकडे दुर्लक्ष कर.

उलट टपाली कळव, जीव टांगणीला आहे.
वीणाताई

सरोजिनी नगर
३ ऑक्टोबर १९९६

ती. ताईस सा. न.

स्टॉपपर्यंत फक्त मलाच सोडतात. आपल्या अण्णांच्या गुडघ्याबद्दल मी एकदाच बोलले होते, ते दर आठवड्याला विचारतात. आणि क्लासमधल्या लताने मंगळवारच्या नोट्स मागितल्या, तर यशोधननी स्वतःची वही काढून दिली. सगळं सुवाच्य अक्षरात, तारखेसकट.

परीक्षा झाल्यावर धीर करून म्हटलं, रविवारी महाराष्ट्र मंडळात मिसळ असते, जमलं तर या. म्हणाले, जमणार नाही, पानिपतला मित्राच्या घरी कार्य आहे. मराठी माणसाचं पानिपतावर काय होतं ते तुला ठाऊकच आहे. मी हसून बरं म्हटलं आणि स्टॉपवर जाऊन रडवेली उभी राहिले. तेवढ्यात ते धापा टाकत आले आणि विचारलं, बुधवारी गांधी जयंतीची सुट्टी आहे, तेव्हा चालेल का.

काल आले. नोट्स परत केल्या. कागदांना मी मारलेली ऑफिसच्या टॅगच्या दोरीची गाठ तशीच होती, महिनाभर सुटलीच नव्हती. मी ती गाठ दाखवली तेव्हा कानापर्यंत लाल होऊन म्हणाले, परत करायला तरी भेटावं लागेल म्हणून नेल्या होत्या.

मग मीच विचारलं, पुढच्या कोर्सला नाव घालणार का. म्हणाले, कोर्स नको, पण रविवारी मी मोकळा आहे.

भावजींना सांग, रविवारी पोहे मीच करणार आहे. माझ्यावर लोभ आहेच, आता थोडा यशोधनसाठीही राखून ठेव.

तुझी,
वल्लरी