एकतीस माणसांसमोर पाडव्याचा निरोप

बालाघाट,
भाऊबीजेचा दुसरा दिवस

ती. पौर्णिमाताईस,

देवश्रीचा वाकून नमस्कार. (मनाने वाकते आहे. कंबर फराळाच्या कामात गेली.) तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींची साखर दिवाळीतही ताब्यात राहिली असेल तर त्यांचा जाहीर सत्कार करायला हवा, भाषण मी करीन. आमच्याकडे सगळे खुशाल आहेत, म्हणजे प्रत्येकजण दुसऱ्याच्या तब्येतीबद्दल तक्रार करण्याइतका धडधाकट आहे. पत्र कागदावर का, असं विचारशील. मोबाइलवर लिहिलेल्या शब्दाचं काय होतं ते मी या पाडव्याला पाहिलं. आता माझा विश्वास कागदावर आणि पाकिटाच्या डिंकावर.

तुला माहीत आहेच, देवेंद्र कच्छमधल्या वीज उपकेंद्रात शिफ्ट इंजिनिअर आहे. दिवाळीत साऱ्या देशाने दिवे लावावेत म्हणून काही माणसांनी काचेआड बसून आकडे बघायचे असतात, आणि त्या माणसांच्या बायकांनी अभिमान बाळगायचा असतो. मी तो बाळगला असता. पण या वर्षी त्याची सुट्टी मंजूर झाली होती, तिकीट निघालं होतं, आणि ती सुट्टी या दानशूर कर्णाने एका सहकाऱ्याला देऊन टाकली, कारण त्याच्या बाळाची पहिली दिवाळी होती. मला विचारलं नाही. मला कळलं तेव्हा तिकीट रद्द झालेलं होतं. मग मी फोनवर चाळीस मिनिटं बोलले. विवाहसंस्था, परस्पर संमती, संविधान, स्त्रीचं गृहीत धरलं जाणं, काही सोडलं नाही. कोर्टात न्यायाधीश मला अडवतात, हा गरीब माणूस अडवत नाही, त्यामुळे वेग फार वाढतो. शेवटी तो एवढंच म्हणाला, "हौ." त्यानंतर चार दिवस माझ्या प्रत्येक मेसेजला एक अंगठा. शब्द नाही, नुसता अंगठा. ताई, माणूस ओरडला तर उलटतपासणी घेता येते. अंगठ्याची काय घेणार?

हे भांडण आमच्या दोघांत राहिलं असतं तर मिटलं असतं. पण लक्ष्मीपूजनाला त्याने आमच्या 'शुभलाभ परिवार' या ग्रुपवर लिहिलं, "आई, बाबा, प्रीतम, नूतन आणि सर्वांना शुभेच्छा." 'सर्वांना' या शब्दात मी बसले होते, दाटीवाटीने, लालबर्ऱ्याच्या राइस मिलवाल्या प्रेमलाल मामांच्या शेजारी. दहा मिनिटांत पुष्पलता आत्यांनी विचारलं, "देवश्रीचं नाव काहून नाही?" मग जबलपूरचे बाबूलाल काका, "सब कुशल मंगल तो है ना?" आणि स्वयंपाकघरात सासूबाई, काहीही न विचारता, माझ्याकडे पाहत बेसन भाजू लागल्या. त्या बघण्यापुढे सरकारी वकील काहीच नाही. थोडक्यात, जे चव्हाट्यावर मोडलं ते चव्हाट्यावरच जोडायचं होतं, पाडव्याच्या दिवशी, एकतीस माणसांसमोर. खाजगीत लिहिलं असतं तर पुन्हा अंगठा. शिवाय गेली बारा वर्षं मी या शहरातल्या प्रत्येक महिला मेळाव्यात सांगत आले आहे की बायांनो, मनातलं मोकळेपणाने बोला. टाळ्या घेतल्या आहेत त्यावर. आता चार ओळी लिहायच्या होत्या आणि मी मोबाइलची काच पदराने पुसत बसले होते.

आमच्या घरातून ग्रुपवर शुभेच्छा टाकण्याआधी मसुदा बाबांना दाखवावा लागतो. (बाबा म्हणजे सासरे, मधुकरराव, कलेक्टर कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त. कचेरी सुटली, नोटशीटवर शेरे मारायची सवय सुटली नाही.) हा नियम गेल्या दसऱ्यापासून आहे. त्या दिवशी मामांनी शुभेच्छा म्हणून चुकून कुणाच्या तरी तेरवीचं निमंत्रण टाकलं आणि न वाचता अठरा जणांनी लिहिलं, "आपणासही!"

माझा पहिला मसुदा साडेतीनशे शब्दांचा झाला. सुरुवात त्याच्या नावाने होती, पण दुसऱ्या परिच्छेदात वीज कामगारांच्या सुट्ट्यांचा प्रश्न आला आणि शेवटी मी एक ठराव मांडला होता. प्रीतमने, म्हणजे धाकट्या दिराने, उभ्याउभ्या वाचून सांगितलं, "वहिनी, याले टाळ्या पडतील. भैयाचं उत्तर नाही पडणार." त्याची बायको नूतन म्हणाली, काहून एवढं डोकं लावता, तयार कार्ड मिळतात. तिने पाठवलेल्या कार्डावर मावळता सूर्य, एकमेकांना चिकटलेली दोन काळी माणसं, आणि खाली हिंदीत 'साँसों' आणि 'बाँहों'चं यमक. हे बाबूलाल काकांनी उघडलं असतं तर पुन्हा त्यांनी मिटवलं नसतं. मग बाबांनी चष्मा लावून स्वतःच लिहून दिलं: "चि. देवेंद्र यांस. विषय: पाडव्यानिमित्त शुभेच्छा. आपल्या अनुपस्थितीची कुटुंबाने नोंद घेतली आहे. पत्नी कुशल आहे. कृपया पोच द्यावी." मी म्हटलं, बाबा, यात प्रेम कुठे आहे? ते गंभीरपणे म्हणाले, "'कृपया' आहे ना."

व्हिडिओ कॉलवर औक्षण करावं म्हटलं तर त्याच्या कंट्रोल रूममध्ये फोन नेता येत नाही. आवाज रेकॉर्ड करून पाठवावा म्हटलं तर पुष्पलता आत्या असे निरोप बसमध्ये, मोठ्या आवाजात, फोन लांब धरून ऐकतात. पाठवून खोडावं म्हटलं तर खोडल्याची खूण मागे राहते, आणि आमच्या घराण्यात वाचलेल्या मेसेजपेक्षा खोडलेल्या मेसेजवर जास्त चर्चा होते. दुरुस्तीला पंधरा मिनिटं मिळतात, पण मामा दोन मिनिटांत वाचतात आणि तीनमध्ये फोन करतात.

पाडव्याच्या सकाळी मी ताट तयार करून बसले, हळद, कुंकू, अक्षता, निरांजन. सासूबाईंनी समोरचा पाट उचलून भिंतीला लावला. "रिकाम्या पाटाले ओवाळत नाहीत बाई," म्हणाल्या, आणि पटकन आत गेल्या. मी निरांजनाकडे पाहत राहिले. तेव्हा मला, इतकी पुस्तकं वाचून आणि इतकी भाषणं ठोकून, एक गोष्ट कळली. अशा निरोपात भावना लिहायची नाही. भावना सगळ्यांना ओळखू येते. घरातली एखादी वस्तू लिहायची, जी तीस जणांना फक्त वस्तू दिसेल आणि एकालाच तिच्यामागचं सगळं दिसेल. आमच्या पहिल्या दिवाळीला माझ्या करंज्या तेलात फुटल्या होत्या. सगळं सासर बघत होतं. देवेंद्रने एकेक फुटकी उचलून खाल्ली आणि सांगितलं, मला अशाच आवडतात. तेव्हापासून दर दिवाळीला फुटलेल्या त्याच्या. हे कारण आम्हा दोघांशिवाय कुणालाच ठाऊक नाही. घरच्यांना वाटतं त्याची जीभच तशी.

मग मी लिहिलं: "अहो, पाडव्याच्या शुभेच्छा. ताट तयार आहे, पण आई म्हणतात रिकाम्या पाटाला ओवाळत नाहीत, म्हणून आमच्याकडे पाडवा तुम्ही याल त्या दिवशी. त्या बाळाची पहिली दिवाळी छान झाली असेल, बरं केलंत. त्या दिवशी फोनवर मी चाळीस मिनिटं बोलले, त्याचा सारांश एवढाच होता की तुम्ही इथे हवे होतात. या वर्षी सात करंज्या फुटल्या. कोणाला वाढल्या नाहीत. डब्यात ठेवल्या आहेत."

बाबांनी वाचलं, पुन्हा वाचलं, "सात" या आकड्याखाली पेनाने रेघ मारायला गेले आणि ती मोबाइलची काच आहे हे लक्षात आल्यावर म्हणाले, "जाऊ दे. ठीक."

जाऊ दिलं. पुढे काय व्हावं? "चाळीस मिनिटं" यावर कुणी अवाक्षर काढलं नाही. "तुम्ही इथे हवे होतात" यावर बाबूलाल काकांनी हात जोडले. बाकी सगळा शुभलाभ परिवार करंज्यांवर तुटून पडला. आत्यांनी लिहिलं, कडा दुधाचं बोट लावून दाबल्या नसतील. मामांनी तेल जास्त तापल्याचा संशय घेतला. आणि सासूबाई, ज्या त्या क्षणी माझ्यापासून चार हातांवर बसल्या होत्या, त्यांनी तोंडाने न बोलता ग्रुपवर टाकलं, "माह्या पोरासाठी फुटक्या करंज्या काहून ठेवून राह्यली? चांगल्या संपल्या का?" ताई, मी प्रेमपत्र लिहिलं होतं आणि त्यावर पाककृतीची चौकशी समिती बसली. मी मात्र दर पाच मिनिटांनी मेसेजची माहिती उघडून बघत होते. (ग्रुपमध्ये खुणा निळ्या व्हायला सगळ्यांनी वाचावं लागतं, पण कुणी कुणी वाचलं ती नावं तिथे दिसतात.) अठ्ठावीस नावं आली. त्याचं नव्हतं. सकाळची शिफ्ट दोनला सुटते. दोन वाजून अकरा मिनिटांनी त्याचं नाव आलं. नुसतं नाव. पुढची सहा मिनिटं मी मोबाइलची काच विझू दिली नाही, आणि जर अंगठा आला असता तर मी काय केलं असतं ते या कागदावर लिहीत नाही.

उत्तर आलं: "सातही माझ्या. कोणी हात लावायचा नाही. बारा तारखेला येतो. पाट मांडून ठेवा."

सासूबाई म्हणाल्या, "लहानपणापासून असाच हावरा." सगळे हसले. मीही हसले, आणि फोडणीचा धूर लागला असं सांगून मागच्या दाराशी जाऊन उभी राहिले. (चुलीवर काही नव्हतं. कुणी विचारलं नाही. या घराला तेवढी अक्कल आहे.)

भाऊजींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुझीच,
देवश्री

ता. क. १: येत्या मेळाव्यात 'मनातलं मोकळेपणाने बोला' या विषयावर पुन्हा माझं भाषण आहे. मते बदललेली नाहीत.

ता. क. २: आता खरं काम. या वर्षी करंज्या मी एकटीने तळल्या, सासूबाई पूजेच्या तयारीत होत्या, आणि नेमकी पहिल्यांदाच जमल्या. एकही फुटली नाही. सगळ्या ठणठणीत, आणि संपल्याही. डबा रिकामा आहे, आणि 'सात' हा आकडा बाबांच्या डोक्यात नोंदला गेला आहे. म्हणजे बारा तारखेला ते मोजणार. आता मी मुद्दाम फोडायला गेले तर सासूबाई शेजारी बसून त्याही नीट करून देतील. तुझ्या करंज्या दरवर्षी हमखास फुटतात, भाऊजी काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. प्रीतम हे पत्र घेऊन कामासाठी नागपूरला येतो आहे, त्याच्या हाती सात पाठव. जितक्या वाईट जमतील तितक्या.

ता. क. ३: आठ पाठव. प्रीतम रस्त्यात एक खाईल.