आईचा राहिलेला निकाल

आप्पा, आज लातूरला कॉलेजात तिसऱ्या तासाला तुमचा युक्तिवाद शिकवला. आहे तो एका जुन्या ग्रीक तत्त्वज्ञाचा, पण मला नांदेडच्या स्वयंपाकघरात तुमच्याकडून मिळाला, म्हणून तुमचाच. घरी येऊन चहासुद्धा केला नाही, इतकी थकले.

ते स्वयंपाकघर अजून दिसतं: आई भाकरी थापतेय, पिठाच्या डब्याला बी.ए.चं तत्त्वज्ञानाचं पुस्तक टेकवलेलं. बाहेरून परीक्षा देत होती. तुम्ही समजावताय: चांगलं-वाईट सगळं अनुभवात असतं, आणि मरण म्हणजे अनुभवच संपणं. आपण आहोत तोवर ते नाही, ते आलं की आपण नाही. मग ते वाईट कुणाला? आई भाकरी उलटत म्हणते, "मला कळणार न्हाई, हे खरं हाय. पण बघायचं ते राहीलच की." तुम्ही हसून म्हणालात, "पेपरात असलं लिहू नको."

पेपर देऊन ती निकालाआधीच गेली. पास झाली होती. मी रडत बसले, तर तुम्ही म्हणालात, "कुणासाठी रडायलीस? जिचं नुकसान झालं म्हणतीस, ती हाय कुठं? जन्माआधी बी ती नव्हतीच, तेव्हाचं कुणी रडतं का?" तुमचे डोळे कोरडे होते, त्याचा मला फार राग आला. तिचं गुणपत्रक आणायला तुम्ही विद्यापीठात गेलाच नाहीत.

उत्तर मला पुढे शिकवता शिकवता सापडलं. मेल्यावर त्रास नसतो, एवढं तुमचं खरं. पण नुकसान व्हायला दुखावंच लागतं असं नाही, आणि ते अमुक दिवशी झालं असं बोट ठेवून दाखवावंही लागत नाही. तिची दोन आयुष्यं शेजारी ठेवायची, एक संपलं ते, दुसरं तेच पण वीस वर्षं पुढे गेलेलं. दुसऱ्यात जे चांगलं होतं आणि पहिल्यात नाही, ते तिचं गेलं. 'ती' म्हणजे भाकरी थापणारी, जिवंत होती ती. जन्माआधीचं तसं नाही. वीस वर्षं आधी जन्मली असती ती कुणी दुसरीच असती. वीस वर्षं जास्त जगली असती ती मात्र आईच.

मग तुमचं आजारपण, दवाखान्यातले दिवस. एका दुपारी तुम्ही म्हणालात, "अजून चार महिने मिळायला पाहिजे होते. तुझ्या आईचं गुणपत्रक आणायचं राहिलं." कॉलेज आणि दवाखाना करून मी जेरीस आले होते. मी म्हणाले, "मेल्यावर तुम्हाला काय फरक पडणार, आप्पा?" तुम्ही "बरोबर हाय," म्हणून भिंतीकडे वळलात. तो विषय पुन्हा काढला नाहीत.

गुणपत्रक मी गेल्या महिन्यात आणलं. हे वाचायला तुम्ही नाही, हे तुमच्याच हिशेबानं ठाऊक आहे, तरी लिहितेय. आज एका मुलीनं विचारलं, "मॅडम, याला उत्तर न्हाई का?" मी फळ्यावर मांडून दाखवलं, दहा मिनिटं लागली. दवाखान्यातल्या त्या दुपारीही मला ते उत्तर येत होतं, आप्पा.