अर्ध्यावर ठेवलेली माळ

प्लेगची छावणी, कोल्हापूर
सन १८९९

तीर्थरूप आक्कास,

आई झोपेत गेली असं तुला कळवलं, ते खरं नव्हतं. तिनं पाणी मागितलं, तेव्हा मी तिच्यासाठीच जप करत होतो. एकशेआठ मणी पुरे झाल्यावर उठलो. तोवर ती गेली होती.

आता जपात मन तिथंच जातं. शेजारच्या झोपडीतले ख्वाजाचाचा तसबीह, त्यांची जपमाळ, ओढतात. ते म्हणाले, "तुमचं काय, आमचं काय, नाव म्हंजे खुंटा हाय. मन सुटणारच की. सुटलेलं कळलं, की परत आणायचं."

त्या दिवशी माझं मन आईकडं गेलं होतं, आक्का. मी ते परत नावावर आणलं.

आज चाचांनी पाणी मागितलं. माळ अर्ध्यावर ठेवून उठलो.

तुझा धाकटा,
गुंडू